पट्टे स्वस्त, कोपरा महाग

प्रश्न: सर, मी भोसरीत टूलरूममध्ये आहे. चावीचं एक घड्याळ घ्यायचंय, मागून काच असलेलं. तेच मशीन साध्या फिनिशमध्ये २८ हजाराला मिळतंय आणि पट्टे, गोल नक्षी, चमकत्या कडा असलेलं ४० हजाराला. दुकानदार म्हणतो, ‘हँड फिनिश्ड आहे.’ हे वरचे १२ हजार नक्की कशाचे? आणि हाताचं काम आहे की नाही, हे मला स्वतःला कसं ओळखता येईल?

उत्तर: शनिवारी तुम्ही दोन्ही घड्याळं माझ्या टेबलावर ठेवलीत तेव्हा दुकानात गर्दी होती, त्यामुळे उभ्या उभ्या ‘घाई करू नका’ एवढंच म्हणालो. तुम्ही गेल्यावर दोन्ही सावकाश बघितली. आता नीट लिहितो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. दोन्हींत मशीन एकच आहे, ६४९७ जातीचं. मुळात हे स्विस युनिटासचं पॉकेट वॉचसाठीचं मशीन. व्यास ३६.६ मिलिमीटर, १७ ज्वेल, म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात ते खडे, सेकंदाचा छोटा काटा नऊच्या जागी. पुढे ते ईटीए या स्विस मशीन कंपनीकडे आलं आणि आता याच रचनेची मशीनं चीनमध्येही होतात. आकार मोठा, भाग मोठे, म्हणून नवशिके यावर हात बसवतात आणि मागून काच असलेल्या घड्याळात ते भरून दिसतं. मी दोन्ही टायमिंग मशीनवर लावली. डायल वर ठेवून साधं घड्याळ दिवसाला ६ सेकंद पुढे, नक्षीचं ९ सेकंद पुढे. बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोकाही जवळजवळ सारखाच. म्हणजे १२ हजारांतला एकही रुपया वेळेसाठी नाही.

हे सांगायचं कारण असं की नेहमीच असं नसतं. ईटीए आपली २८२४ सारखी मशीनं वेगवेगळ्या ग्रेडमध्ये विकायची. स्टँडर्ड ग्रेड दोन पोझिशनमध्ये, म्हणजे घड्याळ दोन वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून, अ‍ॅडजस्ट केलेला, एलाबोरे तीन, टॉप पाच. वरच्या ग्रेडमध्ये बॅलन्स आणि हेअरस्प्रिंगही चांगल्या प्रतीची. सजावट बहुधा वरच्या ग्रेडबरोबर येते, त्यामुळे लोकांच्या डोक्यात ‘पट्टे म्हणजे चांगलं मशीन’ असं गणित पक्कं झालंय. तुमच्या बाबतीत ग्रेड वेगळा नाही, फक्त वरचं रूप वेगळं आहे. तेव्हा आता रूपाचंच बोलू.

पट्ट्यांना जिनीव्हा स्ट्राइप्स म्हणतात. ते कोरलेले नसतात, घासलेले असतात. सरकत्या टेबलावर ब्रिज, म्हणजे चाकांना वरून धरणारा पितळी भाग, पक्का बसवायचा, वर फिरणारी चकती. जुन्या पद्धतीत ती लाकडाची असायची, तिच्यावर अपघर्षक लावलेलं, आता बहुतेक ठिकाणी पॉलिश पेपर किंवा अपघर्षक रबराची. चकती किंचित कललेली ठेवायची, म्हणजे तिची एकच कड पृष्ठभागाला टेकते. टेबल सरळ ओढलं की एक पट्टा पडतो. मग टेबल पट्ट्याच्या रुंदीएवढं, साधारण दीड-दोन मिलिमीटर, बाजूला सरकवायचं आणि पुन्हा ओढायचं. खोली मोजायला गेलात तर काही मायक्रॉन, बोटाला लागणारही नाही.

जवळून पाहिलं तर प्रत्येक पट्टा म्हणजे सरळ रेघ नसून शेकडो बारीक कमानींची रांग असते, कारण चकती फिरता फिरता ओरखडे काढत गेलेली असते. पट्टा अगदी थोडा कलताही असतो. त्यामुळे घड्याळ हातात हलवलं की उजेड प्रत्येक पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकतो. धूपछाव रेशमाची साडी हलली की रंग कसा पलटतो, तसंच. हे सरकणं हीच खऱ्या पट्ट्याची खूण. ठशाने दाबलेल्या किंवा लेझरने काढलेल्या पट्ट्यात उजळ पट्टा बराचसा उजळच राहतो आणि गडद गडदच.

तुमच्या घड्याळात उजेड सरकतो. म्हणजे पट्टे घासूनच काढलेत. आणखी एक चांगली बाब म्हणजे मोठ्या ब्रिजवरचा पट्टा शेजारच्या बॅलन्स कॉकवर, म्हणजे बॅलन्सला वरून धरणाऱ्या छोट्या भागावर, तसाच पुढे चालू राहतो, मध्ये तुटत नाही. याचा अर्थ दोन्ही भाग एकाच फिक्श्चरवर, जागच्या जागी बसवून पट्टे मारले. टूलरूमवाल्याला फिक्श्चरचं महत्त्व मी सांगायला नको. पण हेही तुम्हीच ओळखाल की एकदा फिक्श्चर तयार झालं की पुढचं काम मिनिटांचं आहे. कारखान्यात स्वयंचलित मशीन एका लॉटमध्ये कितीतरी ब्रिज काढतं. खरे पट्टे असले तरी त्यावर माणसाचा वेळ फारसा गेलेला नसतो. म्हणून मी पट्ट्यांना पैसे देत नाही. आवडले तर आवडले.

गोल नक्षीला पर्लाज म्हणतात, मोत्यांसारखी दिसते म्हणून. छोट्या ड्रिल प्रेससारखं यंत्र, खाली दांडी, दांडीच्या टोकाला रबर किंवा लाकूड आणि अपघर्षक. फिरती दांडी क्षणभर टेकवायची, उचलायची, थोडं सरकायचं, पुन्हा टेकवायची. पुढचं वर्तुळ आधीच्या वर्तुळाचा साधारण अर्धा भाग झाकतं. काम सोपं वाटतं, पण मेन प्लेटवर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, खड्डे, पायऱ्या, कोपरे असतात आणि तिथे मोठी दांडी शिरत नाही. मन लावून केलेल्या कामात खड्ड्यात छोटी वर्तुळं दिसतात, मोकळ्या जागेत मोठी, आणि कडेपाशी ओळ अर्धवट सुटलेली नसते. दांडीचं टोक झिजलं तर वर्तुळाचा मधला भाग कोरा राहतो. दांडी तिरकी असेल तर पूर्ण वर्तुळाऐवजी चंद्रकोरी उमटतात.

तुमच्या घड्याळाची वर्तुळं स्वच्छ आहेत. पण बॅलन्सच्या खाली, जिथवर काचेतून नजर पोचते, तिथवरच. मी तुमच्या परवानगीने बॅलन्स कॉक उचलून पाहिला. त्याच्या खालची बाजू कोरी, कटरच्या खुणा तशाच. यात फसवणूक काही नाही, या किमतीत असंच येतं. पण ‘हँड फिनिश्ड’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हे विचारायला हरकत नाही की मग हात तिथेच का थांबला.

हे सगळं सुरू झालं ते दिसण्यासाठी नाही, हेही सांगून टाकतो. जुन्या काळी केस आजच्यासारख्या बंद नसायच्या, आत धूळ जायची. खरबरीत, ओरखड्यांच्या पृष्ठभागावर धुळीचा कण अडकून राहील आणि चाकांपर्यंत जाणार नाही, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. आता रबर गास्केट असलेल्या केसमध्ये त्याला फारसा अर्थ उरलेला नाही. कडेच्या बेव्हलचं, म्हणजे तिरक्या उताराचं, मात्र कारण तुमच्या रोजच्या कामातलं आहे. मशीनिंग झालं की कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कोर, राहते. ती निघाली नाही तर कधीतरी तुटून ज्वेलमध्ये किंवा चाकाच्या दातात जाऊन बसते. म्हणून चॅम्फर. घड्याळवाल्यांनी तोच चॅम्फर आरशासारखा करायला सुरुवात केली आणि त्याला अँग्लाज असं फ्रेंच नाव मिळालं.

खरं मोल या कडेचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

हाताचं बेव्हल असं होतं. प्रथम ब्रिजची उभी बाजू, म्हणजे जाडीची बाजू, लांबीच्या दिशेने एकाच रेषेत बारीक घासून घेतात. त्यामुळे मशीनच्या खुणा जातात आणि कडेला सरळ आधार मिळतो. मग बारीक कानशीने ४५ अंशांत कड उतरवायची. रुंदी मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी, आणि ती ब्रिजभर सारखी हवी. वळणावर ती आपोआप रुंद होऊ पाहते, सरळ भागात अरुंद. कानशीनंतर बारीक दगड, मग लाकडी पट्टीला चिकटवलेले पॉलिश पेपर एकापेक्षा एक बारीक. शेवटी हिऱ्याची पेस्ट लावलेली लाकडाची काडी. स्विस ज्युरामध्ये यासाठी जेन्शियन नावाच्या पिवळ्या फुलांच्या रानटी झाडाचं वाळलेलं खोड वापरतात. ते मऊ असतं, पेस्ट धरून ठेवतं आणि त्याला हव्या त्या आकाराचं टोक काढता येतं. प्रत्येक टप्प्यात आधीचा ओरखडा पूर्ण गेला पाहिजे. एक जरी राहिला तर शेवटच्या पॉलिशमध्ये तो उठून दिसतो आणि दोन टप्पे मागे जावं लागतं.

काठावर काम चालू असताना शेजारी पट्ट्यांचा पृष्ठभाग असतो. काही ठिकाणी आधी पट्टे मारून मग कड पॉलिश करतात, काही ठिकाणी उलट. दोन्हीकडे आधी झालेलं काम सांभाळत दुसरं करावं लागतं. काडी अर्धा मिलिमीटर वर सरकली की पट्ट्यावर चकचकीत डाग पडतो. आणि पट्टे ही अशी गोष्ट आहे की एक बिघडला तर एकच दुरुस्त करता येत नाही, सगळे पुन्हा मारावे लागतात.

तरीही सरळ कड किंवा बाहेरचं वळण हे सरावाने जमतं. खरी अडचण येते आतल्या कोपऱ्यात. ब्रिजचा आकार जिथे आत वळतो आणि दोन कडा एकमेकींना आत मिळतात, तिथे दोन बेव्हल एका धारदार रेषेत मिळायला हवीत, फोटो फ्रेमच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या ४५ अंशांत मिळतात तशी. तुम्ही रोज मिलिंग करता, तुम्हाला कळेल की फिरणारा कटर गोल असतो आणि आतल्या कोपऱ्यात स्वतःची त्रिज्या सोडतोच. कटर कितीही बारीक घ्या, त्रिज्या लहान होईल, शून्य होणार नाही. ती रेष धारदार करायला सुरीसारख्या कडेची कानस घेऊन दोन्ही बाजूंनी यावं लागतं आणि दोन्ही बाजूंनी बरोबर त्या रेषेवर थांबावं लागतं. पॉलिश करतानाही तसंच. काडी रेषेच्या पुढे गेली की समोरच्या बेव्हलवर खड्डा, अलीकडे थांबली की कोपऱ्यात मळकट ठिपका.

हे मी वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी खुमखुमी आली म्हणून रविवार पेठेतून दीड मिलिमीटरची पितळी पट्टी आणली, त्यात एक बाहेरचा कोपरा कापला आणि एक आतला. बोहरी आळीतून कानशी आणि पेपर घेतले. जेन्शियन कुठून मिळणार? मग घड्याळात तेल-घाण पुसायच्या पेगवुडच्या काड्या तासून वापरल्या. बाहेरचा कोपरा दोन तासांत बरा झाला. आतल्यावर तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी रेष दिसायला लागली आणि पेपरच्या पट्टीने मीच ती गोल करून टाकली, कारण पट्टीची कड झिजून गोल झाली होती आणि माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी एक बेव्हल दुसऱ्यापेक्षा रुंद झालं, मग रुंदी जुळवायला दुसरंही घासलं, आणि असं करत करत कोपराच पुढे सरकला. तिसऱ्या संध्याकाळी एक रेष आली, तीही लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावल्यावर शेवटच्या टोकाला किंचित विस्कटलेली.

त्यानंतर शहाणपण सोडून ६४९७ च्याच जातीच्या एका ६४९८ च्या जुन्या सुट्या बॅलन्स कॉकवर हात चालवला. त्याला आतला कोपरा नव्हता, म्हणून सोपं जाईल असं वाटलं. कड बरी झाली, पण कानशीखाली लगेच पिवळं दिसायला लागलं. हे ब्रिज पितळेचे असतात आणि वर निकेल किंवा रोडियमचा अगदी पातळ थर असतो. तो एका फटक्यात जातो. मग ज्वेल आणि शॉकची सेटिंग काढून कॉक घेऊन सोन्या मारुती चौकाकडे, दागिन्यांना रोडियम चढवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, “काका, आधी निकेल, मग रोडियम. आणि वरचे ओरखडे घालवू का? बफ मारून देतो.” ओरखडे म्हणजे जिनीव्हा स्ट्राइप्स. मी अक्षरशः त्याचा हात धरला.

त्या कॉकचे सगळे मिळून माझे सात तास गेले, ते मी मोजले आहेत. काम मध्यम. स्वित्झर्लंडमधल्या बेव्हल करणाऱ्या पोराने हसून परत दिलं असतं. सात तासांचे माझे दुरुस्तीचे दर लावले तरी तुमच्या १२ हजारांतले बरेचसे एका छोट्या कॉकवरच संपतात. तुमच्या घड्याळात कॉक, मोठा ब्रिज, पॅलेट ब्रिज एवढ्या कडा आहेत. म्हणजे ‘हँड फिनिश्ड’ हा शब्द १२ हजारांत बसतच नाही. हे लूप न लावताही, नुसत्या हिशेबानेच कळतं.

पण तुम्हाला स्वतः ओळखायचंय, तर लूपखाली काय दिसलं ते सांगतो. दहा पटींचा साधा लूप पुरे. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने, खालून धरा आणि घड्याळ हळूहळू फिरवा.

पहिलं म्हणजे कड उजळते कशी ते पहा. सपाट पॉलिश केलेलं बेव्हल एका विशिष्ट कोनात पूर्ण रुंदीभर एकदम पेटतं आणि थोडं फिरवलं की एकदम काळं पडतं. गोलाई आलेली कड मात्र कुठल्याही कोनात एक बारीक प्रकाशरेघ दाखवत राहते, ती रेघ फक्त इकडून तिकडे सरकते. काही नामांकित कारखाने मुद्दाम गोलसर बेव्हल करतात आणि ते कठीण काम आहे, पण या किमतीत गोलसर कड म्हणजे बफिंग किंवा ड्रम पॉलिश. तुमचं बेव्हल सपाट होतं, एकदम पेटत होतं. पहिल्या नजरेत मलाही आवडलं.

दुसरं, पेटलेल्या कडेवर लूप स्थिर करा. तुमच्या मोठ्या ब्रिजच्या सरळ कडेवर आडव्या अगदी बारीक खुणा दिसल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. हाताच्या कामात खुणा राहिल्याच तर त्या कडेच्या लांबीत धावतात आणि अनियमित असतात, कारण काडी त्याच दिशेने चालते. सारख्या अंतरावरच्या आडव्या खुणा म्हणजे कटरचा फीड. हिऱ्याच्या टूलने कापलेली कड थेट चकचकीत निघते, पुढे पॉलिशची गरजच उरत नाही. तुमची कड तशी आहे. मशीनकाम म्हणून उत्तम आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

तिसरं, कोपरा. मोठ्या ब्रिजला बॅलन्सच्या बाजूला जिथे आत वळण आहे तिथे दोन बेव्हल गोल त्रिज्येने मिळतात, रेष नाही. इथे एक खबरदारी. आतला कोपरा गोल आहे एवढ्यावरून काम मशीनचं आहे असं सिद्ध होत नाही. पुष्कळ चांगल्या घड्याळांचे ब्रिज मुळातच वळणदार काढलेले असतात, त्यात तीक्ष्ण कोपरा नसतोच. उलट बाजूने मात्र पुरावा पक्का आहे. आतल्या कोपऱ्यात धारदार, स्वच्छ, दोन्ही बाजूंनी चमकती रेष दिसली, तर तिथे माणसाने बसून काम केलं आहे. मोठ्या किमतीचं घड्याळ बघताना मी आधी हा कोपरा शोधतो, पट्टे नंतर. आणि मोठे कारखानेही कडेचा कच्चा उतार आता सीएनसीवरच काढतात, हात लागतो तो पुढे. त्यामुळे ‘पूर्ण हाताने’ या शब्दांवर वाद घालण्यात अर्थ नाही. शेवटचा पृष्ठभाग कोणी तयार केला, एवढंच बघायचं.

निळे स्क्रू राहिले. दुकानदाराने तेही दाखवले असतील. पॉलिश केलेलं स्टील साधारण ३०० अंश सेल्सियसला तापवलं की निळं होतं, आणि तो निळा उजेडात जांभळ्यापासून गडद निळ्यापर्यंत बदलतो. तुमचे स्क्रू खाचेच्या तळापर्यंत एकाच छटेचे निळे होते आणि डोक्यावर टर्निंगच्या रिंगा तशाच होत्या. म्हणजे रसायनाने किंवा लेपाने. गंजण्यापासून थोडं संरक्षण मिळतं, बाकी शोभा.

आता १२ हजारांचा निकाल. मी तुमच्या जागी असतो तर या सजावटीसाठी दोन-तीन हजार वर दिले असते, डोळ्यांच्या हौसेखातर. त्याच्या वर नाही. पुढे विकायला गेलात तर पुण्यातला कुठलाही जुन्या घड्याळांचा घेणारा पट्ट्यांचे वेगळे पैसे देणार नाही, तो नाव, डायलची अवस्था आणि मशीन चालतंय का हे बघेल. मग अशा फिनिशिंगला खरी किंमत येते कुठे? जिथे ते कोणी केलं हे माहीत असतं, किंवा कोणीतरी तपासलेलं असतं. जिनीव्हाचं सील याचं जुनं उदाहरण. १८८६ साली तिथल्या कँटनने, म्हणजे प्रांताच्या सरकारने, कायदा करून ते सुरू केलं. मशीन जिनीव्हा कँटनमध्येच जोडलेलं आणि जुळवलेलं हवं, कडा पॉलिश केलेल्या हव्यात, बाजू घासलेल्या हव्यात, वगैरे अटी. खरी गोष्ट म्हणजे झाकलेले भागही तपासले जातात. जिनीव्हाच्याच पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीने २००९ मध्ये ते सील सोडून स्वतःचं सील आणलं, यावरूनही कळेल की हा शिक्का म्हणजे किती नाजूक प्रतिष्ठेचा मामला आहे. दुसऱ्या टोकाला एकटा माणूस. फिलिप द्युफूर हे घड्याळकार स्विस ज्युरातल्या व्हॅली द जूमध्ये बसतात. २००० साली आलेलं त्यांचं सिंप्लिसिटी नावाचं घड्याळ फक्त तास, मिनिट आणि सेकंद दाखवतं, तारीखसुद्धा नाही. लोक ते उलटं करून बघतात. तिथे पट्टे, कडा, आतले कोपरे हाच माल आहे, आणि लिलावात त्याला जे पैसे येतात ते जवळपास सगळे त्या तासांचे येतात.

आपल्याकडचं उलट टोक म्हणजे एचएमटी जनता. मागे बंद झाकण, आत साधं, करडं, १७ ज्वेलचं मशीन, सजावट शून्य. माझ्याकडे आजही महिन्याला चार-पाच येतात आणि साफ करून तेल दिलं की चालायला लागतात. जनता विकत घेणाऱ्याने झाकण उघडून पाहिलंच नव्हतं, म्हणून कारखान्यानेही तिथे वेळ घालवला नाही. सरळ व्यवहार.

नक्षीचं घड्याळ घेतलंत तर एक मात्र सांभाळा. सर्व्हिसिंगला देताना ‘मशीन चकाचक करून द्या’ असं चुकूनही म्हणू नका. माझ्याकडे एक आजी त्यांच्या सासऱ्यांचं पॉकेट वॉच घेऊन आल्या होत्या. आत निकेलवर सुंदर लहरीदार नक्षी असणार, कारण स्क्रूच्या डोक्याखाली जो गोल झाकलेला भाग होता तिथे ती शिल्लक होती. बाकी ब्रिज आरशासारखा. आधीच्या कारागिराने कौतुकाने बफ मारला होता. कडा गोल झाल्या होत्या, कोरलेला नंबर अर्धा पुसला गेला होता आणि एका ठिकाणी पितळ वर आलं होतं. आजींना ते छानच दिसत होतं. “चांदीसारखं झालंय ना?” म्हणाल्या. मी हो म्हणालो. विकायचं नव्हतं त्यांना, मग उगाच कशाला.

ओरखडा पडला तर तसाच राहू द्या. स्क्रूड्रायव्हर घसरल्याची एक खूण पट्ट्यांवर दिसते, वाईट वाटतं, पण ती काढायची म्हणजे सगळे पट्टे पुन्हा मारणं आणि पुन्हा प्लेटिंग करणं. सर्व्हिसिंगला देण्याआधी आणि नंतर मागच्या काचेतून मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवा, म्हणजे ओरखडा कोणाच्या हातून झाला याची भांडणं होत नाहीत. आमच्या बाजूनेही ते बरंच असतं.

साधं २८ हजाराचं घड्याळ डायलच्या बाजूने मला जास्त आवडलं, हे जाता जाता सांगतो. दोन्ही घड्याळं माझ्या खणात आहेत. बुधवारनंतर या आणि दुपारी एक ते चार सोडून या. लूप मी देतो, टॉर्च तुमचा आणा. ती पितळी पट्टीही काढून ठेवली आहे, तीन संध्याकाळवाली. तो आतला कोपरा आधी बघा आणि मग तुमच्या घड्याळाचा.